काडीवरचे आकडे

वडूजात चष्म्याचं दुकान चालवायचं तर गावोगावच्या यात्रा ध्यानात ठेवाव्या लागतात. चैत्र लागला की खटाव, माण, खानापूर, आटपाडी भागातले गलाई बांधव गावी यायला लागतात. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी इथली माणसं देशभर पांगलेली आहेत. वर्षभर परमुलखात काढून आलेला माणूस रिकाम्या हातानं येत नाही. भावाला घड्याळ, पुतण्याला बूट, मेव्हण्याला गॉगल. पालखी होते, कुस्त्यांचा फड होतो, पाहुणे आपापल्या वाटेला लागतात आणि मग ते गॉगल एकेक करून माझ्या काउंटरवर येतात. तक्रार ठरलेली असते: नाकावरून घसरतोय, कानामागं टोचतंय, जरा आवळून द्या.

आवळायला आलेल्या या गॉगलांनीच मला नकली माल ओळखायला शिकवलं. दुकानात नवा माल बघताना डोळा नावावर, रंगावर, चकाकीवर जातो. दुरुस्तीला आलेला गॉगल मात्र हातात घ्यावा लागतो, वाकवावा लागतो, त्याचा स्क्रू फिरवावा लागतो. वाकवताना धातू कसा वागतो, हे कुठल्याही शिक्क्यापेक्षा जास्त सांगतं.

इथं गॉगल हा निव्वळ शौकाचा विषय नाही, हेही सांगायला हवं. आमचा पट्टा अवर्षणाचा. झाड कमी, उघडं माळरान जास्त, आणि फेब्रुवारीपासूनच ऊन डोळ्यांत घुसतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडं सरकणारं मांस घेऊन चाळिशीच्या आतली शेतकरी माणसं माझ्याकडं येतात. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. वर्षानुवर्षं अंगावर घेतलेल्या उन्हाशी, म्हणजे त्यातल्या अतिनील किरणांशी, त्याचा जवळचा संबंध आहे. वारा आणि धूळ त्यात भर घालतात. काही प्रकारच्या मोतीबिंदूशीही या किरणांचा संबंध आहे. त्यामुळं माळावर दिवसभर काम करणाऱ्यानं, मोटरसायकलवर दहिवडी-म्हसवड करणाऱ्यानं गॉगल लावावा असं मी आपणहून सांगतो. फक्त तो गॉगल खरा असावा.

मागच्या उन्हाळ्यातला एक गॉगल तपशिलानं सांगतो, कारण नकली मालात जे जे असतं ते जवळजवळ सगळं त्याच्यात होतं.

कलेढोणकडचे एक गलाईवाले काका आले. पंजाबात त्यांची भट्टी. गाडी स्वतः चालवत गावी आलेले. खिशातून पाकीट काढलं, त्यातून सोनेरी काड्यांचा, हिरव्या काचांचा रे-बॅन एव्हिएटर. सोबत पुसायचं फडकं, छोटी पुस्तिका, सगळा सरंजाम.

"डॉक्टर, ह्यो जरा नाकावर बसता करा. ओरिजिनल हाय, पण सारखा खाली येतोय." इकडं चष्मेवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात.

"केवढ्याला घेतलात काका?"

"साडेबाराशे. ओळखीचा माणूस हाय, त्यानं भाव करून दिला. बायकोला बी एक घेतला, तपकिरी."

खऱ्या एव्हिएटरला आज आठ-दहा हजारांच्या आसपास मोजावे लागतात. भाव ऐकल्यावर शंका येते, पण केवळ भावावरून मी कुणाला नकली म्हणत नाही. जुना माल, सेलमधला माल, कुणी वापरून दिलेला माल स्वस्त असू शकतो. म्हणून काकांना बसवलं, चहा सांगितला आणि म्हटलं, आपण याला दोघं मिळून तपासू.

आधी काडीची आतली बाजू. एव्हिएटरच्या काडीवर बारीक अक्षरांत मॉडेल लिहिलेलं असतं: आरबी ३०२५. त्यापुढं रंगाचा आणि काचेचा कोड, आणि मग ५८, लहानसा चौकोन, १४. पुढं १३५. यातला ५८ म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये, १४ म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, १३५ म्हणजे काडीची लांबी. शेवटी ३एन किंवा ३पी असं काहीतरी. यातला ३ हा काचेच्या गडदपणाचा वर्ग. शून्यापासून चारपर्यंत असे पाच वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गाची काच आठ ते अठरा टक्के उजेड आत सोडते. भर उन्हासाठी हीच वापरतात. चौथा वर्ग इतका गडद की तो लावून गाडी चालवायची नाही. पी असेल तर काच पोलराइज्ड, म्हणजे रस्त्यावरून, पाण्यावरून, बॉनेटवरून परतणारी तिरीप कापणारी.

हे आकडे बहुतेक लोकांना शोभेचे वाटतात. नकली करणाऱ्यालाही ते शोभेचेच वाटतात, आणि तिथंच तो सापडतो. काकांच्या काडीवर ५८, १४ आणि १३५ सुबकपणे छापलेलं होतं. मी मोजपट्टी लावली. काच भरली ५६. नाकावरचं अंतर १६. काडी १३० च्या जरा पुढं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मोजण्यात पडू शकतो, दोन मिलिमीटरचा पडत नाही. खरा ३०२५ तीन मापांत मिळतो, ५५, ५८ आणि ६२. नक्कल करणारा एकच साचा घेतो आणि त्यावर सगळ्यांत जास्त खपणारं माप छापून मोकळा होतो. काकांच्या रुंद चेहऱ्याला खरं तर ६२ लागलं असतं. पट्टी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी दोनदा मोजलं आणि काही बोलले नाहीत.

मग ३पी. हे तपासायला माझ्या दुकानाचीसुद्धा गरज नाही. त्यांचाच मोबाइल घेतला, पडदा पांढरा केला आणि गॉगलची काच त्यासमोर धरून सावकाश गोल फिरवली. पोलराइज्ड काच फिरवताना एका कोनात पडदा काळाठिक्कर होतो आणि पाव फेरा पुढं नेला की पुन्हा दिसायला लागतो. काही मोबाइलांत काळा होण्याऐवजी नुसता रंग पालटतो, म्हणून मी हिशेबाच्या कॅल्क्युलेटरवरही तेच करून बघतो. काकांची काच पूर्ण फिरवली तरी पडद्यावरचा उजेड तसाच राहिला. काडीवर पी होता, काचेत नव्हता.

काचेवरची खूण मात्र होती. खऱ्या रे-बॅनच्या एका काचेच्या कडेला, बिजागरीच्या जवळ, आरबी ही दोन अक्षरं अगदी बारीक कोरलेली असतात. नखानं हलकेच घासलं की खाच जाणवते. काकांच्या काचेवर ती अक्षरं होती आणि बोटालाही लागत होती. ही खूण लोक फार मानतात. मी आता मानत नाही. कोरणारं यंत्र काही दुर्मीळ राहिलेलं नाही, आणि जी खूण सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक झाली ती नक्कल करणारा सगळ्यांत आधी करतो. तीच गोष्ट पाकिटाची, पुस्तिकेची, सीई या शिक्क्याची. ती नसली तर संशय घ्यावा. असली म्हणून विश्वास टाकू नये.

काही खुणा तर उलट फसवतात. माजी सैनिकांचा आमचा जिल्हा. निवृत्त झालेले सुभेदार कधी जुना जपलेला रे-बॅन घेऊन येतात, त्याच्या काचेवर आरबीऐवजी बीएल कोरलेलं असतं आणि नातवानं त्यांना तो डुप्लिकेट असल्याचं सांगितलेलं असतं. तो बहुधा अस्सलच असतो. रे-बॅन हे नाव मुळात अमेरिकेतल्या बॉश अँड लॉम्ब कंपनीचं. वैमानिकांच्या डोळ्यांना वर आकाशात लागणारी तिरीप कमी करण्यासाठी त्यांनी १९३० च्या दशकात हा गॉगल काढला. १९९९ मध्ये त्यांनी हे नाव लक्झॉटिका या इटालियन कंपनीला विकलं. बीएल हा त्या आधीच्या मालावरचा शिक्का. तसंच काडीवर 'मेड इन इंडिया' दिसलं की लोक नाक मुरडतात. पण राजस्थानात भिवाडीला रे-बॅनचा कारखाना आहे आणि तिथं बनलेला माल अस्सलच असतो. इटली लिहिलेला नकली मी भरपूर बघितला आहे.

काकांना खरी उत्सुकता होती ती वेगळीच. "ते जाऊ द्या हो. नाव खोटं का असंना, डोळ्याला तर चालतोय न्हवं?"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देताना चष्मेवाल्यानं धंद्याचा विचार बाजूला ठेवावा. माझ्याकडं एक लहानसं मीटर आहे. काच त्याच्या फटीत धरली की ती किती टक्के अतिनील किरण आणि किती टक्के साधा उजेड आत सोडते ते दिसतं. काकांच्या दोन्ही काचा फटीत धरल्या. अतिनील जवळजवळ शून्य. म्हणजे या एका बाबतीत गॉगल पास.

हे मी लपवलं नाही, आणि वाचकांपासूनही लपवत नाही. स्वस्तातली काच म्हणजे डोळ्यांची राखरांगोळी, असं सरसकट सांगणारे माझ्याच धंद्यातले लोक आहेत. ते खरं नाही. पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक स्वभावतःच अतिनील किरण जवळपास सगळे अडवतं. त्याची काच ओतली, की रंग कुठलाही असो, भाव काहीही असो, हे काम ती करते. ॲक्रिलिकची गोष्ट वेगळी. त्यात किरण शोषणारं द्रव्य मिसळलं नसेल तर ते अतिनीलचा बराच भाग आरपार जाऊ देतं. दोन्ही प्लास्टिकं डोळ्याला सारखीच दिसतात. अस्सल कंपनी ठरलेली काच वापरते आणि तपासून बाहेर सोडते. नकली करणारा त्या दिवशी जे स्वस्त मिळेल ते वापरतो.

दुसऱ्या दिवशी काका काकूंचा तपकिरी गॉगल घेऊन आले. तोच विकणारा, तसलंच पाकीट, तेवढाच भाव. मीटरनं दाखवलं की त्यातून अतिनीलचा चौथा हिस्सा आत येतोय, आणि साधा उजेड मात्र फक्त दहा टक्के. ही जोडी सगळ्यांत वाईट. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि माणूस डोळे बारीक करायचं सोडून देतो. उघड्या डोळ्यानं उन्हात उभा राहिला असता तर बाहुली आकसली असती, पापण्या मिटल्या असत्या. शरीरानं आपली राखण केली असती. गडद काचेनं ती राखण काढून घेतली आणि बदल्यात दुसरी दिली नाही. काकू दिवसभर सावलीत असत्या तर वेगळं, पण त्या रानात जाणाऱ्या. तो गॉगल वापरू नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

मीटर नसेल तर काय? हल्ली नोटा तपासायची जांभळी बॅटरी दुकानोदुकानी असते. नोटेवरचे काही भाग तिच्या उजेडात चमकतात. मधे काच धरली आणि चमक विझली तर काच अतिनील अडवते, असा हिशेब. मी ही परीक्षा करतो, पण तिच्या मर्यादा सांगून. काच गडद असेल तर नुसत्या काळेपणानंही चमक मंद होते. शिवाय स्वस्त बॅटऱ्यांचा उजेड अतिनील आणि दिसणारा जांभळा यांच्या अगदी सीमेवरचा असतो, त्यामुळं चांगली काचसुद्धा थोडी चमक जाऊ देते आणि उगाच नापास होते. चमक जशीच्या तशी राहिली तर काच टाकाऊ, एवढंच या परीक्षेतून खात्रीनं कळतं. आणि जत्रेत एक कार्ड दाखवतात, ज्यातलं चित्र गॉगल लावल्यावरच दिसतं. ते फक्त काच पोलराइज्ड असल्याचं सांगतं, अतिनीलबद्दल एक अक्षरही सांगत नाही.

परत काकांच्या गॉगलकडं. त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं होतं की येताना गाडी चालवताना रोज दुपारनंतर कपाळ दुखायचं, आणि शेवटच्या दिवशी गॉगल काढून चालवली तेव्हा दुखलं नाही. मी तो लेन्सोमीटरवर ठेवला. बिननंबरी काचेत काहीच नंबर यायला नको. डावी काच ठीक निघाली. उजवीत नंबर नव्हता, पण प्रिझम होता. म्हणजे ती काच समोरची वस्तू आहे त्या जागेवरून किंचित सरकवून दाखवत होती. मग दोन्ही डोळ्यांची चित्रं एकावर एक बसवायला डोळ्याच्या स्नायूंना सतत ओढ द्यावी लागते. पाच मिनिटांत कळत नाही, चार तासांनी कळतं.

असं का होतं, तर गॉगलची काच सपाट नसते, बाहेर फुगीर असते. फुगीर काच सगळीकडं सारख्या जाडीची ठेवली तर ती थोडी का होईना, किरण वळवतेच. म्हणून चांगल्या कारखान्यात ती मधे एका जाडीची आणि कडेला हिशेबानं पातळ अशी घडवतात, आणि ती फ्रेममध्ये बसवताना मध्य कुठं यावा तेही ठरलेलं असतं. नकलेत मोठा पत्रा साच्यात वाकवायचा आणि त्यातून आकार कापून घ्यायचा. मध्य जाईल तिकडं जाईल. घरी बघायचं असेल तर गॉगल हातभर लांब धरून त्यातून समोरच्या दाराच्या उभ्या चौकटीकडं पाहावं आणि काच हळूहळू डावी-उजवीकडं न्यावी. चौकटीची रेघ काचेच्या मध्याजवळ जागची हलता कामा नये. ती सापासारखी वळवळली तर ती काच लावून लांबचा प्रवास करू नये.

राहिलं काकांचं मूळ काम, नाकावर बसता करायचं. तेच जमलं नाही. एव्हिएटरच्या नोजपॅडला धरणारी बारीक धातूची तार वाकवून पॅड आत-बाहेर करता येतात. रुंद नाकाला, चपट्या नाकाला, एका बाजूला कललेल्या नाकाला फ्रेम बसते ती या तारेमुळंच. चांगल्या धातूची तार चिमट्यानं वाकवली की वाकते आणि वाकवलेल्या जागी राहते. काकांच्या गॉगलची तार आधी वाकेचना, जोर दिला की परत मागं यायची. आणखी जोर दिला असता तर डागाच्या जागी तुटली असती; तशा तुटलेल्या मी पुष्कळ बघितल्या आहेत, आणि तिथं पुन्हा डाग देणं बहुतेकदा निष्फळ ठरतं. पॅडसुद्धा कडक प्लास्टिकचे, घामावर घसरणारे. त्यांच्या कडेला हिरवट थर धरलेला, म्हणजे मुलामा उडून आतलं तांबं घामाला लागलेलं. काहींना अशा धातूनं नाकावर खाज आणि पुरळ येतं.

घसरणं हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. गॉगल एक बोटभर खाली आला की वरून आणि कडेनं ऊन थेट डोळ्यात उतरतं. काकांचा गॉगल अतिनीलमध्ये पास झाला होता खरा, पण नाकाच्या शेंड्यावर बसलेल्या पास काचेचा उपयोग काय? काच आणि फ्रेम दोन्ही मिळून संरक्षण होतं. काकांना मी आणखी एक सांगितलं, कारण त्यांचा धंदा तो: भट्टीसमोर बसताना कुठलाच उन्हाचा गॉगल चालणार नाही, अस्सल सुद्धा. वितळलेल्या धातूच्या धगीतली उष्ण किरणं अडवायला वेगळी काच लागते आणि ती कामगारांच्या सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळते.

गॉगलइतकाच, किंबहुना जास्त, त्रास नकली फ्रेम नंबरच्या चष्म्यात देते, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. इथल्या कॉलेजच्या मुलांत मोठ्या नावांच्या 'फर्स्ट कॉपी' फ्रेमांचं वेड आहे. ऑनलाइन मागवतात आणि माझ्याकडं काचा बसवायला आणतात. असाच एक विद्यार्थी गोल मेटल फ्रेम घेऊन आला. त्याला सिलिंडर नंबर होता, दोन. सिलिंडरची काच ठरलेल्या कोनातच बसावी लागते. ती दहा अंश फिरली तर दोष घालवण्याऐवजी जवळपास एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो. तीस अंश फिरली तर काचेचा काहीच फायदा उरत नाही. गोल फ्रेममध्ये काचेला अडवणारा कोपरा नसतो. तिला जागी धरून ठेवतात दोन गोष्टी: रिमच्या आतली खाच आणि रिम आवळणारा स्क्रू. त्या फ्रेमची खाच उथळ होती आणि स्क्रूचे आटे दोन वेळा आवळताच गुळगुळीत झाले. शिवाय डावी रिम उजवीपेक्षा मोठी. आमचं घसाईचं यंत्र एका रिमचं माप घेतं आणि दुसरी काच त्याच्याच आरशातल्या आकाराची कापतं. दोन्ही रिमा सारख्या असतील हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ही फ्रेम त्या गृहितात बसत नव्हती. काचा बसवायला मी नकार दिला. मुलाला वाईट वाटलं, पण त्या फ्रेममध्ये बसवलेली काच चष्मा पुसताना फिरली असती आणि तो महिनाभर नंबर चुकला म्हणत राहिला असता. त्याला मी बिननावाची, पण घट्ट खाचेची, साडेपाचशेची फ्रेम दिली.

जाड प्लास्टिकच्या फ्रेमांतही असाच फरक असतो. चांगली फ्रेम ॲसिटेटच्या पत्र्यातून कापलेली असते आणि काडीच्या आत धातूची सळी असते. हीटरवर ती मऊ होते, कानामागं हवी तशी वळते आणि थंड झाल्यावर तशीच राहते. नकली फ्रेम बहुधा साच्यात ओतलेल्या हलक्या प्लास्टिकची, वरून रंग मारलेली. गरम केली की एकदम ढिली पडते, रंगाला फोड येतात. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर कुणी न वाकवताच वाकते.

माझं मत इतक्या वर्षांनी पक्कं झालं आहे. नकली गॉगलमधली काच कधी चांगलीही निघते, काकांच्या डोळ्यांचं त्या बाबतीत काही बिघडलं नव्हतं. पण ज्या वस्तूवर नाव खोटं आहे तिच्यावरच्या दुसऱ्या कुठल्याच अक्षराची हमी उरत नाही. माप, पी, गडदपणाचा वर्ग, सगळं फक्त छापलेलं असतं. त्यापेक्षा बिननावाचा, साधा, पण तपासलेला गॉगल शंभर पटीनं बरा. तो तीन-चारशेतही मिळतो आणि त्यात खोटं काही लिहिलेलं नसतं. विकणाऱ्यालाही एक ध्यानात आणून देतो: खोट्या नावाचा माल बनवणं आणि विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. यात्रेतल्या फेरीवाल्यापेक्षा पक्क्या दुकानात बसून हा माल विकणाऱ्या आमच्यासारख्यांनी ते जास्त लक्षात ठेवावं.

गॉगल मोठ्या नावाचा हवा असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. काडीवरचा आणि बिलावरचा नंबर एकच हवा. साधा हवा असेल तर दुकानदाराला सांगा, मीटरवर लावून दाखव. तो दाखवायला तयार नसेल तर पुढच्या दुकानात जा. आणि घरात आधीच पाकिटातला गॉगल पडलेला असेल तर कुठल्याही चष्म्याच्या दुकानात नेऊन तपासून घ्या. आमच्यापैकी बहुतेक जण त्याचे पैसे घेत नाहीत.